पेपर टाकण्याआधी मेल येऊ दे

"मामा, रिक्रूटरने रात्री पावणेअकराला तीन मिनिटांची व्हॉइस नोट टाकलीय, पॅकेज सांगितलंय आणि म्हणतोय उद्याच पेपर टाक, आत्ताच्या नोकरीचा राजीनामा दे. मेलवर मागितलं तर उद्धट वाटेल का?"

नाही वाटणार, आणि वाटलं तरी माग. भाचीला मी एवढंच कळवलं, मग फॅमिली ग्रुपवर जी चर्चा पेटली त्यावर सविस्तर लिहितोय, कारण मी जर्मनीत राहतो आणि इथलं बघून आपल्याकडच्या काही गोष्टी जास्त खटकतात, काही मात्र उलट आवडायला लागतात.

आधी ती व्हॉइस नोट, तिने मला फॉरवर्ड केली होती. फिक्स्ड १८ लाख, व्हेरिएबल २, जॉइनिंग बोनस "एक तरी होईल", आणि नोटीस बायआउटचं, म्हणजे नोटीस पीरियड न भरता निघायला आत्ताच्या कंपनीला द्यायच्या पैशांचं, "आपण बघू". ऐकताना सगळं गोड वाटतं, पण लिहून काढायला बसलं की कळतं पक्के आकडे दोनच आहेत, बाकी नुसता आवाजातला उत्साह. शिवाय महिन्याभराने "बायआउट" शब्द चॅटमध्ये सर्च केला तर ती नोट सापडणार नाही, आणि पाठवणाऱ्याने तोवर डिलीट फॉर एव्हरीवन केली असेल तर तिथे फक्त मेसेज डिलीट झाल्याची ओळ उरते. टाइप केलेला मेसेजसुद्धा १५ मिनिटांत एडिट करता येतो, एडिटेड असं दिसतं पण आधी काय लिहिलं होतं ते समोरच्याला दिसत नाही.

माझा भाऊ म्हणाला, व्हॉट्सॲपला कायद्यात काही किंमतच नाही. हे अर्धंच खरं आहे. आयटी ॲक्टच्या कलम १०अ नुसार करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो रद्दबातल ठरत नाही. अडचण दुसरीकडेच आहे, आणि ती नेमकी सांगितली माझ्या एका मैत्रिणीने, जी कित्येक वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे. ती म्हणाली, अरे तो माणूस कंपनीचा आहे की एजन्सीचा ते आधी बघा, एजन्सीवाल्याला तुमचा पगार ठरवायचा अधिकारच नसतो, तो हायरिंग मॅनेजरने फोनवर जे म्हटलं ते पुढे सांगतो, म्हणून कंपनीच्या डोमेनवरून मेल येईपर्यंत ते फक्त त्याचं म्हणणं असतं.

रात्रीच्या मेसेजवर मात्र तिचं माझं जमलं नाही. मी म्हटलं इथे साडेसहानंतर रिक्रूटरचा मेसेज मला तरी आलेला नाही, मेल शेड्यूल करून सकाळी पाठवतात. ती म्हणाली, तुमच्याकडे ठीक आहे, आमचा कॅंडिडेट दिवसभर आत्ताच्या ऑफिसात बॉसच्या शेजारी बसलेला असतो, तो रात्रीच मोकळा होतो. हे मला पटलं. पण मग रात्री पाठवणाऱ्याने "उत्तर उद्या दिलं तरी चालेल" एवढं लिहावं, आणि ब्लू टिक दिसल्यावर दहा मिनिटांत "???" पाठवू नये. यावर ती काही बोलली नाही.



आपल्याकडे सगळं चॅटवर, तर इथे उलट टोक आहे. जर्मनीत राजीनामा किंवा कामावरून काढल्याचं पत्र कागदावर सही करूनच द्यावं लागतं, मेलही चालत नाही. मला हे आवडतं, कारण घाईत कुणी कुणाला ढकलू शकत नाही. पण इथे साध्या इंटरव्ह्यूच्या निकालाची मेलवर आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागते, तिथे आपल्याकडचा एका ओळीचा मेसेज, "तुमचं राउंड टू क्लिअर, सोमवारी कळवतो", फार माणुसकीचा वाटतो. म्हणून चॅट बंद करा असं माझं म्हणणं अजिबात नाही. वेळ ठरवणं, लिंक, "पोचलात का", यासाठी चॅटच बरं. पैसे, जॉइनिंग डेट, बायआउट, हे मेलवर.

भाचीने शेवटी त्याच चॅटमध्ये हे पाठवलं: "सर, मला समजलं ते असं: फिक्स्ड १८ लाख, व्हेरिएबल २ लाख, जॉइनिंग बोनस १ लाख, बायआउट कंपनी देणार. बरोबर आहे ना? कंपनीच्या एचआरकडून हे मेलवर आलं की मी त्याच दिवशी पेपर टाकते." यात त्याच्यावर अविश्वास कुठेच नाही, उलट त्याला ते तसंच्या तसं पुढे फॉरवर्ड करता येतं.

दोन दिवसांनी मेल आला. फिक्स्ड आणि व्हेरिएबल तेच, बोनस एक वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा, आणि बायआउटच्या पुढे "सब्जेक्ट टू अप्रूव्हल". तिने अजून पेपर टाकलेले नाहीत, ते अप्रूव्हल कोण देणार आणि कधी, हे मेलवरच विचारलंय.