अण्णांचं तिकीट

कोल्हापुरात माणूस गप्प बसला म्हणजे त्याचं काम झालं, असं समजणारा बाहेरचाच असणार. इथं गप्प बसण्याचे निदान चार अर्थ होतात, आणि त्यांतला एकही ‘माझी तक्रार मिटली’ असा नसतो. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरीही नेमकी हीच चूक मी कॉम्प्युटरला शिकवली.

राजारामपुरीत आमचं हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. गिऱ्हाइकाची तक्रार मेलवर आली की तिचं तिकीट बनतं. आम्ही गिऱ्हाइकाला काही विचारलं की तिकीट ‘पेंडिंग’ करायचं, म्हणजे आता चेंडू त्यांच्याकडे. त्यांचं उत्तर आलं की ते आपोआप ‘ओपन’ होतं, म्हणजे चेंडू आमच्याकडे. दिवाळीच्या तोंडावर मालकांनी यादी उघडली तर पेंडिंगमध्ये 140 तिकिटं. “ही यादी हाय का सोसायटीची थकबाकी?” असं म्हणून त्यांनी ती साफ करायचं काम माझ्यावर सोपवलं.

मी नियम बसवला. पेंडिंग होऊन 72 तास उलटले की इशाऱ्याचा मेल, सात दिवस उलटले की तिकीट बंद. कागदावर झकास दिसत होतं. पण सिस्टिम हे नियम दर तासाला एकदा तपासते, आणि मी अट लिहिली होती ‘72 तासांपेक्षा जास्त’. आता 73 तास 72 पेक्षा जास्त असतात, 74 सुद्धा असतात. हे चौथीच्या पोराला कळतं. मला शुक्रवारी सकाळी कळलं.

सव्वाआठला मार्केट यार्डातल्या एका गूळवाल्या अण्णांचा फोन आला.

“साहेब, रात्रभर धमक्या कोण देतंय मला?”

“कसल्या धमक्या, अण्णा?”

“संध्याकाळी सातपास्नं दर तासाला मेल. ‘आपले तिकीट बंद करण्यात येईल.’ चौदा आले. मंडळी म्हनत्यात, कुठं जाणार हाय तुमी?”

अण्णांची तक्रार साधी होती. गुळाच्या रव्यांचं वजन बिलावर छापताना दशांश चिन्हाच्या पुढचा आकडा कापला जात होता. सोमवारी संध्याकाळी मी ‘छापलेल्या बिलाचा फोटो पाठवा’ असं लिहून तिकीट पेंडिंग केलं. अण्णांनी फोटो दहा मिनिटांत पाठवला होता, पण व्हॉट्सअ‍ॅपवर, ऑफिसच्या मोबाइलला. तो मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो आणि त्याच्याकडे बघायचं काम कुणाचंच नसतं. तिकिटाच्या लेखी अण्णा तीन दिवस मौनात होते. अण्णांच्या लेखी आम्ही.

मी घाईघाईनं दुरुस्ती केली. इशारा गेला की तिकिटावर `warned` असा टॅग लागायचा, आणि हा टॅग असेल तर पुन्हा इशारा जायचा नाही. तासागणिक मेल थांबले. अण्णांनीही माझ्या सांगण्यावरून ‘फोटो धाडला हाय’ असा मेल टाकला, तिकीट ओपन झालं, मी फोटो चिकटवला आणि खाली लिहिलं, ‘मिळाला. बघतो.’

इथं माझ्या बोटांनी घात केला. उत्तर पाठवायच्या बटणावर आधीची निवड तशीच राहते, आणि दिवसभर पेंडिंग-पेंडिंग करून बोटं सरावलेली. म्हणजे ‘बघतो’ मी म्हणालो, बघायचं मी, आणि घड्याळ सुरू झालं अण्णांचं. सिस्टिमला मराठी कळत नाही. वाट कोण कुणाची बघतंय ते ती शब्दांवरून ठरवत नाही, त्या एका खुणेवरून ठरवते. खूण चुकली की ती बिनचूकपणे चुकत जाते.

मधे दिवाळी. पाडव्याला यार्डात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त असतो. त्या दिवसांत अण्णांना स्वतःचं नाव आठवायला सवड नसते. आमचं ऑफिसही चार दिवस बंद. घड्याळ मात्र चालू, कारण मी सरळ कॅलेंडरचे तास मोजायला लावले होते. सुट्ट्या भरून फक्त कामाचे तास मोजायची सोय त्याच पानावर, जरा खाली होती. खाली कोण जातंय?

पुढच्या शुक्रवारी तिकीट बंद झालं, आणि यावेळी इशारासुद्धा नाही. टॅग लावायचा नियम मी केला होता, काढायचा केलाच नव्हता. अण्णांचं उत्तर आलं तेव्हाच `warned` पुसला जायला हवा होता. तो राहिला, आणि सिस्टिमनं मानलं की ह्यांना इशारा देऊन झालाय. आधी चौदा इशारे, मग एकही नाही. सरासरी काढली तर मी अगदी योग्य निघतो.

शनिवारी अण्णा स्वतःच आले. हातात मेलची छापील प्रत होती, तीही त्याच प्रिंटरवर काढलेली. त्यांनी माझ्या टेबलासमोर उभं राहून ती मोठ्यानं वाचली. “‘आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने आपली समस्या सुटली आहे असे समजून...’ कोन समजलं हे?”

मी माझ्याकडे बोट केलं.

“माझ्याकडं उधारीवाले हायत,” अण्णा खुर्ची ओढून म्हणाले. “खातं बंद करायच्या आदी मी दिवाणजीला धाडतो. तो सांगतो, अमुक तारखेचं एवढं राहिलंय, ह्या वारापतूर द्या. नुसतं ‘प्रतिसाद न्हाई’ म्हनून सांगून आला, तर त्येलाच बंद करीन.”

त्या दिवशी मी त्यांच्यासमोरच इशाऱ्याचा मजकूर बदलला. आधी आम्हाला काय हवंय ते: ‘छापलेल्या बिलाचा फोटो.’ मग तासांऐवजी वार: ‘गुरुवार संध्याकाळपर्यंत.’ मग, बंद झालं तरी याच मेलला उत्तर दिलं की चार दिवसांपर्यंत तेच तिकीट पुन्हा उघडेल, त्यानंतर नवीन नंबर पडेल. मेल जायचा पत्ताही बदलला. आधीचा असा होता की त्यावर दिलेलं उत्तर कुठंच पोचत नव्हतं. ‘उत्तर द्या नाहीतर बंद करतो’ असं सांगून आपलंच दार आतून लावून घ्यायचं, हे मला दोन आठवडे खटकलं नव्हतं. आणि मालकांनी भिंतीवर कागद लावला: शेवटच्या ओळीत प्रश्न नसेल तर पेंडिंग करायचं नाही.

वजनाची तक्रार वीस मिनिटांत मिटली. बिलाच्या नमुन्यात तो रकाना एका अक्षरानं अरुंद होता.

मालकांनी 140 तिकिटांचं काय झालं विचारलं. नियमानं 96 बंद केली होती. त्यांतली 31 परत उघडून आली, काहींत ‘अहो, आम्ही तुमचीच वाट बघतोय’ एवढीच ओळ. ती सगळी माझ्यासारख्याच कुणाच्या तरी ‘बघतो’वर अडकलेली होती.

अण्णांचं वार्षिक देखभालीचं बिल डिसेंबरात निघालं. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्या दिवशी त्यांचा मेल आला, बहुधा नातवानं टाइप केलेला:

‘आपले बिल मिळाले. 72 तासांत आपण पुन्हा मागणी न केल्यास आपले समाधान झाले आहे असे समजून ते आपोआप बंद करण्यात येईल.’

मी 71व्या तासाला उत्तर दिलं.