स्लाइडचा फोटो, आणि त्यातून निघालेलं जिरं

स्लाइडचा फोटो म्हणजे मजकूर असतो असं ज्यांना वाटतं ना, त्यांना माझ्या शेजारी एक दिवस बसवायला पाहिजे. मी शारजात इंग्रजी-अरबी भाषांतर करते (हो, मराठी बाई, हो, अरबी, पुढचा प्रश्न) आणि आमच्याकडे हल्ली काम येतं ते व्हॉट्सअॅपवर. कुठल्यातरी ट्रेनिंगवाल्यांनी लेक्चर चालू असताना तिरका फोटो काढलेला, ट्यूबलाइटची चकाकी बरोबर आकड्यावर, खालच्या कोपऱ्यात पुढच्या बाकावरच्या भावाचं टक्कल, आणि खाली मेसेज की याचं अरबीत छोटंसं करून द्या, चार ओळी बस, शब्द फक्त सगळीकडे सारखे ठेवा. फक्त!

परवाची स्लाइड कॉम्प्युटरच्या मेमरीवरची होती. हेडिंग "कॅश व्हर्सेस बफर". खाली बुलेट्स, एकालाही क्रियापद नाही. "हिट/मिस". "मिस → इव्हिक्ट → फेच → रिट्राय". "डर्टी? डब्ल्यूबी फर्स्ट!!" "लेटन्सी मॅटर्स". आणि एक फॉर्म्युला, AMAT = HT + MR × MP, शेजारी १, चकाकीखाली ५% किंवा ५०% काहीतरी, १००, आणि टकलाच्या वर अर्धा दिसणारा ६. ज्या सरांनी हे लिहिलं त्यांना सगळं तोंडी सांगायचं होतं, ते सांगून घरी गेले, आणि मी बसले उरलेल्या हाडांवरून बोकड ओळखत.

आकड्याचं त्यातल्या त्यात सोपं निघालं. AMAT म्हणजे मेमरीतून हवं ते मिळायला सरासरी लागणारा वेळ. हवं ते कॅशमध्ये सापडलं तर हिट, नाही सापडलं तर मिस. HT म्हणजे हिट व्हायला लागणारा वेळ, MR म्हणजे किती वेळा मिस होतं ते प्रमाण, MP म्हणजे मिस झाल्यावर पडणारा जादा वेळ. ५% धरलं तर १ + ०.०५ × १०० = ६, तो टकलावरचा ६ जुळला. ५०% धरलं असतं तर ५१ आलं असतं. फोटोत शंका असली की फोटो झूम करत बसायचं नाही, गणित करायचं.

खरी गंमत हेडिंगपासून. कॅशला अरबीत चालू शब्द काय, तर "ज़ाकिरा मुअक़्क़ता", म्हणजे तात्पुरती मेमरी. बफरला काय? तेच. कितीतरी अॅप्सच्या अरबी मेनूत दोन्हीकडे हाच "मुअक़्क़त" बसलेला असतो आणि कुणाचं काही अडत नाही, कारण तिथे दोघं शेजारी येत नाहीत. माझ्या हेडिंगमध्ये मात्र "तात्पुरती मेमरी विरुद्ध तात्पुरती मेमरी" असं झालं, म्हणजे आमच्या सोसायटीची मीटिंगच.

मग गेले आमच्या रिव्ह्यूअरकडे. ते सीरियाचे, वयस्कर, ऑफिसात सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. उस्ताद म्हणाले, "या बिन्ती, शब्द नंतर शोध, आधी वस्तू काय करते ते सांग." सांगितलं. बफर दोन वेगवेगळ्या स्पीडच्या पार्ट्यांच्या मधे उभा राहतो, इकडून घेतो तिकडे देतो, माल गेला की विषय संपला. कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, मोठे डबे फळीवर असतातच, पण रोज लागणारं थोडंथोडं हाताशी काढून ठेवलेलं. "झालं तर मग," उस्ताद म्हणाले, "मधला तो वसीता आणि लपवून ठेवलेला तो मख़बइय्या." तर बफर "ज़ाकिरा वसीता", कॅश "ज़ाकिरा मख़बइय्या", आणि "मुअक़्क़ता" हा शब्द या कागदावर कुणासाठीच वापरायचा नाही असं ठरलं. हा शेवटचा नियम सगळ्यात कामाचा. काय वापरायचं हे सगळे लिहून ठेवतात, काय वापरायचं नाही ते कुणी लिहीत नाही आणि तो शब्द मागच्या दाराने परत येतो.

उस्तादांशी भांडण फक्त डेटावरून झालं. ते दमिश्कमध्ये शिकले, त्यांच्या तोंडी "मुअतयात". इकडे आखातात "बयानात". दोन्ही बरोबर. अरबी शब्दांचा हा घोळ निस्तरायला रबातमध्ये १९६१ साली एक समन्वयाचं ऑफिस काढलेलं आहे, आणि ते अजून चालू आहे यावरून काय ते समजा. वाचणारे आखातातले म्हणून बयानात राहिलं, उस्तादांनी दोन तास चहा एकट्याने प्यायला.

आता हिट आणि मिस. हिट "इसाबा", मिस "इख़फ़ाक़", ठीक आहे, पेनल्टीला मी "जज़ा" लिहिलं आणि सगळा परिच्छेद मॅचच्या बातमीसारखा वाचायला लागला, कारण फुटबॉलची पेनल्टी किक जज़ाचीच आणि इसाबा म्हणजे पेपरात खेळाडूची दुखापत. म्हणून पेनल्टीला "ग़रामा", दंड. तो इथे गाडीवाल्यांना रोज मेसेजवर येतो, लगेच कळतो. "डर्टी"ला शब्दशः घाणेरडा लिहिण्यात अर्थ नव्हता, डर्टी म्हणजे कॅशमधली प्रत बदलली आहे पण मूळ मेमरीत तो बदल अजून लिहिलेला नाही, म्हणून "मुअद्दल", बदललेला. आणि डब्ल्यूबी फर्स्ट म्हणजे त्याला बाहेर काढण्याआधी तो बदल मेमरीत लिहा.

बाणांनी तर रडवलं. इव्हिक्ट, फेच, रिट्राय ही ऑर्डर आहे, की नाव, की कोण करतंय? अरबीत आज्ञा द्यायची तर पुल्लिंगी-स्त्रीलिंगी आलं, क्रियापद घेतलं तर कर्ता हवा. यावर एकच औषध, सगळ्याचं मस्दर करायचं, म्हणजे क्रियेचं नाम: "इख़ला", "जल्ब", "इआदतुल-मुहावला". एकदा मस्दर तर सगळीकडे मस्दर, मधेच एक क्रियापद घुसलं की यादी लंगडते. (इख़ला हा शब्द इथे घर रिकामं करायच्या नोटिशीवर असतो, टाइप करताना माझ्या पोटात गोळा आला.) हे सगळं टाकलं आणि वाचलं तर आधी रिट्राय, मग फेच! शब्द उजवीकडून डावीकडे लागले पण बाण आपले उजवीकडेच बघतायत. कंस आणि लहान-मोठ्याची चिन्हं उजव्या-डाव्या लिपीत आपोआप उलटतात, बाण उलटत नाहीत, ते हाताने फिरवायचे.

शेवटी सगळे शब्द एक्सेलमध्ये टाकले, एका कॉलममध्ये इंग्रजी, एकात अरबी, आणि सॉर्ट केलं अरबीवर. सगळे इंग्रजीवर करतात, त्यात एका शब्दाला दोन अरबी शब्द दिले असतील तर सापडतात, पण दोन शब्दांना एकच अरबी दिला असेल तर तो अरबीवर सॉर्ट केल्यावरच शेजारी येऊन उभा राहतो. सगळं स्वच्छ होतं. तेवढ्यात उस्तादांनी लेटन्सीवर बोट ठेवलं. लेटन्सी, म्हणजे मागितल्यापासून मिळेपर्यंत जाणारा वेळ, अरबीत "कुमून". अरबीत ऱ्हस्व स्वर आणि द्वित्त सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर कुमून आणि कम्मून डिट्टो एकच, आणि कम्मून म्हणजे जिरं. स्लाइड म्हणत होती, जिरं महत्त्वाचं आहे. मी म्हटलं खोटं काय आहे, पण ते हसले नाहीत. "ज़मनुल-कुमून" केलं, लेटन्सीचा काळ, आता जिऱ्याला काळ कुणी जोडणार नाही.

चार ओळी पाठवल्या. क्लायंटचा लगेच फोन, स्पीकरवर, "उस्ताज़ा, मुमताज़! पण मख़बइय्या वगैरे कागदावर ठीक, आमची मुलं आपली काश म्हणतात. काश एकदम क्लिअर झालं!" आखातात काश म्हणजे रोख रक्कमसुद्धा. पलीकडच्या केबिनमधून उस्तादांनी मान बाहेर काढली, "पैसे आले?"