ताजा कलम, लाल शाईत

धाकट्याला मी पत्र लिहिलं आणि वाहवा मामांची झाली. हे एकदा स्पष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे मी थोडी तिरकस बोलले तर त्याचं कारण शोधत बसायला नको.

धाकटा पहिल्यांदाच घर सोडून कॉलेजला निघालाय. त्याला फोनवर सांगितलेलं काहीही टिकत नाही. ‘हो गं ताई’ एवढं म्हणून तो संभाषण बंद करतो आणि ऐकलेलं सगळं त्या ‘हो’बरोबरच वाहून जातं. म्हणून कागद. आणि कागदावर तीन म्हणी, कारण चार पानांचा उपदेश कुणालाच आठवत नाही. वसतिगृहाच्या खोलीत रात्री दहा वाजता डोकं बधिर झालेलं असताना चार-पाच शब्दच कामी येतात.

पण म्हण वापरायची तर एक पथ्य पाळावं लागतं. ती परिच्छेदाच्या शेवटी आली पाहिजे. आधी त्याच्याच आयुष्यातला प्रसंग सांगायचा, मग पुढे काय होणार ते सांगायचं आणि अगदी शेवटी म्हण ठेवून बाजूला व्हायचं. सुरुवातीलाच म्हण दिसली की वाचणाऱ्याला वाटतं, पुढचं आपल्याला माहीतच आहे, आणि तो थेट सहीवर उडी मारतो. दुसरी कसोटी याहून सोपी. पत्रातलं नाव झाकायचं आणि हे शेजारच्या मुलालाही देता येईल का ते बघायचं. देता येत असेल तर कागद फाडायचा.

माझा पहिला परिच्छेद या कसोटीला उतरला होता. त्यात धाकट्याची गिटार होती. दोन तारा तुटल्या म्हणून कपाटावर चढली ती अजून उतरलेली नाही. तिच्या शेजारी बुद्धिबळाचा पट आहे आणि पटामागे पोहण्याचा चष्मा. या मुलाला सुरुवात फार छान करता येते. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात नाट्यमंडळ, वादसभा, गिर्यारोहण, भित्तिपत्रक असे सगळे टेबल मांडून बसलेले असणार आणि प्रत्येक टेबलावर एक फॉर्म असणार. तिथे सही करायला काही लागत नाही. त्रास सुरू होतो महिन्याभराने, जेव्हा दोन मंडळांच्या तालमी एकाच संध्याकाळी येतात आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगवही द्यायची असते. म्हणून मी लिहिलं की सगळ्या टेबलांवर जा, गप्पा मार, फॉर्म खिशात घाल, पण भरायचा तो आठवडा संपल्यावर आणि एकच. ज्याचा फॉर्म खिशात घातलाय हेच विसरशील, ते तुझं नव्हतंच. एक ना धड, भाराभर चिंध्या.

इथवर लिहून मी उठले. परत आले तर माझ्या खुर्चीत मामा बसले होते आणि त्यांच्या हातात लाल पेन होतं.

मामांनी आयुष्यभर हिशेब लिहिले. शाळेत शिकवायला ते कधी गेले नाहीत, पण पेपर तपासायची त्यांची हौस राहून गेली आहे आणि ती कुणाच्याही कागदावर निघते. लग्नपत्रिका असो, औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, ते दुरुस्त करतात. माझ्या पत्रातली म्हण त्यांनी खालून उचलून बाण काढून वर नेली होती आणि तिला दोन वेळा अधोरेखित केलं होतं.

“कल्पनाविस्तारात म्हण वर असते,” ते म्हणाले. “खाली विस्तार.”

“मामा, हा कल्पनाविस्तार नाही. पत्र आहे.”

“मग मायना कुठे आहे?”

मी ‘अरे ऐक’ अशी सुरुवात केली होती. त्यांनी ते खोडून ‘चि.’ घातलं, पुढे ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहिलं आणि समासात आकडा टाकला. दहापैकी सहा. मी विचारलं, चार कशाचे गेले? म्हणाले, दोन मायन्याचे आणि दोन गिटारचे. गिटार हा फार खासगी मुद्दा झाला, म्हणे. त्याऐवजी ‘काही मुले छंद अर्धवट सोडतात’ असं लिही, म्हणजे सर्वांना उपयोगी पडेल. मला सर्वांना उपयोगी पडायचं नव्हतं, हे मी दोन वेगवेगळ्या वाक्यांत सांगून पाहिलं. त्यांनी दोन्ही वाक्यांतलं व्याकरण तपासलं.

दुसऱ्या परिच्छेदापाशी त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यात मी प्रश्न विचारण्याबद्दल लिहिलं होतं. धाकट्याला अडलेलं सांगता येत नाही. नववीत गणितातलं एक प्रकरण डोक्यावरून गेलं तेव्हा वर्गात तो मान डोलवत राहिला, आणि पुढची तीन प्रकरणं त्यावरच उभी होती, ती आपोआप कोसळली. कॉलेजात याचा वेग वाढतो, कारण तिथे मान कोण डोलवतंय हे कुणी बघतच नाही. तेव्हा ज्या आठवड्यात अडलं त्याच आठवड्यात तास संपल्यावर पुढे जायचं. ‘सर, काहीच समजलं नाही’ हे म्हणायचं नाही, कारण त्यावर शिक्षक काहीच करू शकत नाहीत. फार तर पुन्हा वाचून ये म्हणतील. वही उघडून बोट ठेवायचं आणि सांगायचं की या ओळीपर्यंत समजलं, ही पुढची ओळ कुठून आली ते कळलं नाही. अशा प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर मिळतं. घरच्या आठवणीचंही तसंच. ती वर्गात येत नाही, सुट्टीच्या दुपारी येते, वेळापत्रक रिकामं असताना. सगळे मजेत दिसतात आणि आपणच तेवढे रडके, असं वाटतं. खोलीतल्या दुसऱ्या मुलाला तेव्हा सांगायचं. बहुतेक वेळा तोही त्याच कारणासाठी भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.

मामांनी ही म्हण मोठ्यांदा वाचली. दोनदा. दुसऱ्यांदा आतल्या खोलीच्या दिशेने.

आई बाहेर आली. “कोण म्हणतं असं?”

“म्हण आहे, आई.”

“मी रात्री तीनतीनदा उठायचे. हा तर रडायचाही नाही, नुसता हात हलवायचा, तरी मला जाग यायची. आणि तू लिहून देतेस की मी पाजलं नाही?”

“ताई,” मामा आईला म्हणाले, “लिखित स्वरूपात आहे.”

आगीत तेल ओतून झाल्यावर त्यांनी तोडगाही काढला. या म्हणीच्या जागी ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ घालायची. मी कपाळावर हात मारला. अहो, परिच्छेद सांगतोय मूठ उघड, आणि खाली म्हण सांगणार झाकून ठेव? म्हणींची ही खोड मला माहीत आहे. प्रत्येकीला कुठेतरी एक उलटी बोलणारी सवत असते, म्हणून तर कोणत्याही निर्णयाच्या बाजूने म्हण सापडते. म्हणूनच ती प्रसंगाला बांधून ठेवावी लागते, मोकळी सोडली की कुणाच्याही बाजूने साक्ष देते. मामांनी हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मग दोन्ही घाल. मुलगा हुशार आहे, निवडेल.”

शेवटी ‘आईसुद्धा’च्या पुढे कंसात ‘(आपली सोडून)’ असं आलं. ते अक्षर आईचं आहे.

तिसरा परिच्छेद पैशांचा होता आणि तो मला सगळ्यांत जास्त आवडला होता. पहिल्या महिन्याचा खर्च पाहून घाबरायचं नाही आणि त्यावरून अंदाजही बांधायचा नाही, कारण बादली, कुलूप, हँगर, वह्या ही एकदाचीच खरेदी असते. खरा खर्च दुसऱ्या महिन्यात कळतो. तो महिनाभर रोज झोपताना लिहून ठेवायचा, अगदी किरकोळसुद्धा. नंतर नाही लिहिला तरी चालेल. आणि पैसे आले की सगळ्यांत आधी घरी यायच्या भाड्याएवढी रक्कम वेगळी काढून ठेवायची. मित्राने मागितले तरी त्याला हात लावायचा नाही. घरी येणं कधी लागेल ते आधी ठरत नसतं. अंथरूण पाहून पाय पसरावे.

मामा म्हणाले, पैशाचं वडील सांगतील. या जागी ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ हवी.

“का?”

“उदाहरण घरात आहे.” आणि माझ्याकडे बघून ते हसले. वाईट हसणं नव्हतं. तेच जास्त लागलं.

मी दुसऱ्या वर्षी शाखा बदलली होती. नीट विचार करून, चौकशी करून, एका विषयातून दुसऱ्यात गेले आणि आज त्यावरच पोट भरते. घरात मात्र त्या गोष्टीचं नाव कायमचं ‘ठेच’ पडलं आहे. इतक्या वर्षांत एकानेही विचारलं नाही की बाई, तुला लागलं का? नुसतं मागच्यांना सावध करण्यासाठी माझा अंगठा दाखवत फिरतात. थोरल्या भावंडाचा तेवढाच उपयोग असतो की काय कोण जाणे. मी त्यांना ठाम नकार दिला, पत्राची स्वच्छ प्रत केली, पाकिटात घातली.

पाकीट चिकटवलं नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे जमलेले असताना धाकट्याने ते उघडलं आणि वाचायला लागला. मोठ्याने. गिटारपाशी तो लाजला, कंसापाशी आई प्रसन्न झाली, भाड्याच्या ओळीपाशी बाबांनी मान हलवली. मला वाटलं, जमलं. मग माझ्या सहीच्या खाली त्याला लाल शाई दिसली. ‘ता. क. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. (ताईस विचारणे.)’ घर हसून लोटपोट झालं. धाकटा तर डोळे पुसत होता. मामांनी विनयाने हात जोडले आणि काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, काय नेमकं लिहिता हो तुम्ही.

काल मावशीचा फोन आला. तिची मुलगीही निघाली आहे, तर मामांचं ते पत्र मिळेल का? नाव तेवढं बदलून दे, म्हणाली, आणि ‘गेला’च्या जागी ‘गेली’ कर.

मी म्हटलं, त्यात गिटार आहे, तिच्याकडे कुठे गिटार आहे?

“हार्मोनियम आहे. तेवढं घाल.”

“मावशी, हार्मोनियमला तारा नसतात तुटायला.”

“मग भाता फाटला म्हण,” मावशी म्हणाली.