भाड्यातून हप्ता फिटत नाही

आज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्याने बुकिंगच्या पावतीचा फोटो टाकला. वाघोलीच्या बाजूला दुसरा फ्लॅट, टू बीएचके, 80 लाख, ताबा तीन वर्षांनी. खाली लिहिलंय, "आता भाडंच हप्ता भरेल!" त्यावर अंगठे, फुलं, अभिनंदन. मीही अभिनंदन लिहिलं, कारण पोर कष्टाळू आहे आणि त्याने कुणापुढे हात पसरलेला नाही. पण ते वाक्य वाचल्यापासून माझं डोकं तापलंय. हेच वाक्य दहा वर्षांपूर्वी माझ्या दादाला एका एजंटाने आमच्याच हॉलमध्ये बसून, चहा पिता पिता ऐकवलं होतं.

दादाचं रिटर्न मी भरते. त्यामुळे त्या फ्लॅटचा पैसा न् पैसा मला पाठ आहे. आज तो हिशेब इथे मांडते. दादाला विचारलंय, त्याची हरकत नाही.

2014 साल. खराडीत तयार फ्लॅट, करार 55 लाखांचा. मुद्रांक शुल्क तेव्हा पुण्यात 6 टक्के होतं, म्हणजे 3 लाख 30 हजार. नोंदणी 30 हजार. मग पार्किंग, सोसायटीची अनामत, वीजमीटर, वकील. मग ग्रिल, पंखे, गीझर, किचन ट्रॉली, कपाटं, कारण मोकळ्या भिंतींना चांगलं भाडं येत नाही. सगळं मिळून 64 लाख गेले. कर्ज 44 लाख, घरचे 20. पण घरात आजही बोलताना "55 ला घेतलेला" असंच म्हणतात! ते वरचे 9 लाख कुणाच्या तोंडीच येत नाहीत.

भाच्याचं तर याहून अवघड आहे. बांधकाम चालू असलेली इमारत, म्हणजे 5 टक्के जीएसटी, 4 लाख. मुद्रांक शुल्क आता मेट्रोचा अधिभार धरून 7 टक्के, 5 लाख 60 हजार. (बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर 1 टक्का वाचतो, तेवढं तरी कर म्हटलं.) नोंदणी 30 हजार. एक पंखा लावायच्या आत 80 चे 90 लाख झाले. बँक कराराच्या किमतीवर 80 टक्के देते, मुद्रांक शुल्क त्यात धरत नाही. म्हणजे पंचवीसेक लाख स्वतःच्या खिशातून. पहिल्या घराचं कर्ज अजून चालू आहे, हे वेगळं.

आता भाडं. दादाच्या फ्लॅटला दहा वर्षांत सरासरी 18 हजार भाडं आलं, म्हणजे वर्षाला 2 लाख 16 हजार. ऐकायला बरं वाटतं. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना 3,200. मालक राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या 10 टक्के बिनभोगवटा शुल्क. महापालिकेचा मिळकतकर साधारण 21 हजार, कारण स्वतः राहणाऱ्याला मिळणारी 40 टक्के सवलत घर भाड्याने दिलं की जाते. एखादा नळ, एखादा फ्लश. तर शांत वर्षी, म्हणजे भाडेकरू न हलता टिकला तर, हातात साधारण 1 लाख 48 हजार.

पण भाडेकरू टिकतोय कुठे? करार 11 महिन्यांचा. आयटीतली मुलं. कुणाची कंपनी बदलते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाला ऑफिसजवळ घर मिळतं. भाडेकरू गेला की घर रंगवायचं, बाथरूमची गळती काढायची, एजंटाला एक महिन्याचं भाडं द्यायचं, नवा करार नोंदवायचा, पोलीस पडताळणी करायची. वर सोसायटीच्या कमिटीचं "बॅचलर नको", त्यामुळे आलेली तीन चांगली गिऱ्हाइकं परत गेली. दोन महिने फ्लॅट रिकामा आणि या दोन महिन्यांत मेंटेनन्स थांबत नाही, हप्ता तर मुळीच थांबत नाही. अशा वर्षी सगळं वजा जाता 67 हजार उरायचे. बदलाचं वर्ष आणि शांत वर्ष आलटून पालटून यायचं, म्हणून सरासरी काढली: वर्षाला एक लाख सात हजार. 64 लाखांवर. पावणेदोन टक्केसुद्धा नाही! बचत खात्यावर यापेक्षा जास्त व्याज मिळतं, आणि बचत खात्याला ओल येत नाही.

2020 आठवतंय ना? भाडेकरू मार्चमध्ये लातूरला गावी गेला, उन्हाळ्यात फोन करून म्हणाला, काका, मी आता इथूनच काम करतो. सामान न्यायला पावसाळ्यात आला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत फ्लॅटला गिऱ्हाईक नाही. त्या परिसरात प्रत्येक मजल्यावर अंधार होता, कारण सगळ्यांनी एकाच भरवशावर घेतलेलं: शेजारच्या आयटी पार्कातली पोरं. ती गेली की सगळ्यांचेच भाडेकरू एकदम जातात. दादा तेव्हा महिना 40 हजार हप्ता भरत होता आणि आमची वहिनी भाजीतसुद्धा हात आखडत होती. मला ते दिवस आठवले की आजही राग येतो. दादाचा नाही. त्या "भाडंच हप्ता भरेल" म्हणणाऱ्याचा. कारण त्याला माहीत होतं. दिवसरात्र तेच काम करणाऱ्याला माहीत नसेल?

पुढे 2024 च्या डिसेंबरात दादाने फ्लॅट विकला. विकायलाच आठ महिने लागले. एकाचं कर्ज मंजूर झालं नाही, एकाने टोकन देऊन परत मागितलं. शेवटी 88 लाख. नातेवाईक म्हणाले, वा, 55 चे 88, तेहतीस लाख सुटले!

आता नीट वाचा. जुना फ्लॅट असल्यामुळे त्याला खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून मग कर मोजायची मुभा होती. सरकारचा तो आकडा 2014-15 साठी 240 आहे आणि 2024-25 साठी 363. करार, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून त्याची 58 लाख 60 हजार किंमत या हिशेबाने 88 लाख 60 हजार होते. विक्री 88 ला. भांडवली नफा शून्य, कर शून्य. सगळे खूश झाले की कर वाचला. अहो, कर का वाचला? कारण नफाच नव्हता! दहा वर्षांत भाव वाढला तो फक्त महागाईएवढा, तोही आत लावलेली कपाटं आणि ग्रिल न धरता. भाच्याला तर ही मुभाही नाही. 23 जुलै 2024 नंतर घेतलेल्या घरावर निर्देशांक नाही, जो काही रुपयांतला नफा दिसेल त्यावर 12.5 टक्के. त्यातला निम्मा नफा नुसती महागाई असला तरी.

आणि अजून व्याज मांडलेलंच नाही. दहा वर्षांत बँकेला व्याजापोटी 35 लाख गेले. आता बेरीज करा. विक्रीतून दलाली आणि घातलेले 64 लाख वजा जाता 23 लाख. भाड्यातून हातात आलेले 10 लाख, रिकामा काळ धरून. व्याजामुळे आयकरात वाचलेले सात-आठ लाख, कारण दादा 30 टक्क्यांच्या टप्प्यात होता आणि सुरुवातीची काही वर्षं भाड्याच्या घराचा पूर्ण तोटा पगारातून वजा व्हायचा. एकूण 41. त्यातून व्याजाचे 35 गेले. उरले 6 लाख.

दहा वर्षांत सहा लाख. सुरुवातीला घातलेल्या 20 लाखांवर, आणि शिवाय दर महिन्याला हप्ता आणि खर्च जाऊन हातात पडणारं भाडं यातला तीसेक हजारांचा फरक पगारातून भरून. ते 20 लाख साध्या 7 टक्क्यांच्या एफडीत पडले असते तर कर कापून घेतल्यावरसुद्धा याच्या दुप्पट व्याज आलं असतं, आणि रविवारी प्लंबर शोधावा लागला नसता.

हो, 2004 च्या आसपास बाणेर-बालेवाडीला घेतलेल्यांचं भलं झालं, मान्य. हप्ता असतो म्हणून माणूस पैसे उडवत नाही, हेही मान्य. पण तेवढ्यासाठी 35 लाख व्याज?

आयकराचं गाजरही आता गेलं. 2017 पासून अशा घराचा तोटा पगारातून वर्षाला फक्त 2 लाखांपर्यंत वजा होतो, तोही जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत व्याज भाड्यापुरतंच वजा होतं, पगाराला त्याचा काही फायदा नाही. भाचा नव्या पद्धतीत आहे. मी त्याला दुपारी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, "मावशी, पण सेल्सवाल्यांनी तर टॅक्स बेनिफिट सांगितलाय." सांगणारच. त्यांनी त्याची करपद्धत विचारली होती का?

त्याचं गणित त्याच्याकडूनच करून घेतलं. 64 लाख कर्ज, 8 टक्के, 20 वर्षं: हप्ता साडेत्रेपन्न हजार. त्या भागात आज भाडं फार तर 24 हजार, त्यातून मेंटेनन्स आणि कर सहा हजार. फ्लॅट एक दिवसही रिकामा राहिला नाही तरी महिना 35 हजार खिशातून. आणि ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, बाबांनी आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत काढलं गं."

इथे माझाही आवाज खाली आला. खरंय ते. आमच्या पिढीने दर 11 महिन्यांनी टेम्पोत गाद्या भरलेल्या बघितल्यात. घरमालकाने पाण्याचा नळ बंद केलेला बघितलाय. घराची भूक आमच्या हाडात आहे आणि त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण ती भूक पहिल्या घराने भागते, बाबा. पहिल्या घरात तू राहतोस, ते रिकामं पडत नाही, त्याचं भाडं तू स्वतःला वाचवतोस. दुसरं घर हा धंदा आहे आणि धंद्याला धंद्यासारखंच तपासायला हवं. भूक ओळखून विकणाऱ्यांचा मला संताप येतो तो म्हणूनच.

अजून वेळ आहे. त्याने एक लाख टोकन दिलंय, करार नोंदवलेला नाही, मुद्रांक शुल्क भरलेलं नाही. रेरा कायद्याप्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, त्यामुळे "बुधवारपर्यंत 20 टक्के भरा, नाहीतर रेट जाईल" या फोनला घाबरायचं कारण नाही. रविवारी तो त्याच रस्त्यावरच्या तयार इमारतीत जाणार आहे, वॉचमनला आणि दोन-तीन मालकांना विचारायला: किती फ्लॅट रिकामे आहेत, मागचा भाडेकरू गेल्यावर नवा यायला किती दिवस लागले, भाडं मेंटेनन्ससह की वेगळं.

माझ्या यादीतल्या ज्यांचा दुसरा फ्लॅट भाड्याने आहे, त्यांनी खाली लिहा. भाडं किती ते नको. गेल्या आर्थिक वर्षात मेंटेनन्स, कर, रंग, दलाली आणि रिकामे महिने वजा जाऊन हातात किती पडले आणि फ्लॅटला सगळं मिळून किती घातले होते, एवढे दोनच आकडे. भाच्याला टॅग केलंय, तो वाचतोय.