चार कोरी पानं

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "तुमच्या ईशावास्य उपनिषदाच्या अनुवादाची दुसरी आवृत्ती काढतोय. 76 पानं झालीत, पाच फर्म्यांची 80 होतात. चार कोरी जातायत, तेवढी प्रस्तावना द्या." अनुवादकाने प्रस्तावना का लिहावी याचं इतकं प्रामाणिक कारण मी आजवर ऐकलं नव्हतं. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "अहो, चार पानांचं कसलं मानधन!"

दुरुस्त्या करायला परवा अप्पा बळवंत चौकाजवळच्या डीटीपीवाल्याकडे बसलो होतो. मागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक काका, नातवाच्या मुंजीची पत्रिका घेऊन. माझं चाललं होतं स्क्रीनवर आणि वाचत होते ते. ओठ हलवून.

"अठरा मंत्र?" काका म्हणाले. "आमच्यात सतरा आहेत."

"तुम्ही माध्यंदिन शाखेचे का?"

"म्हणजे काय! शुक्ल यजुर्वेदी."

मी म्हटलं, काका, म्हणून तर ही प्रस्तावना. ईशावास्य म्हणजे शुक्ल यजुर्वेदाच्या संहितेचा चाळिसावा अध्याय, आणि शाखांप्रमाणे त्याचे पाठ दोन. माध्यंदिनात मंत्र सतरा, काण्वात अठरा, आणि उत्तरार्धातला क्रमही निराळा. शंकराचार्यांनी भाष्य काण्वावर केलं, म्हणून मी काण्व घेतला. तुमच्यासारख्याने घरची पोथी काढून ‘हा एक मंत्र जास्तीचा कुठून आणला?’ असं विचारू नये म्हणून हा परिच्छेद.

"विचारलंच ना मी," काका म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण ऑपरेटरने पान खाली सरकवलं आणि पहिला मंत्र आला. ‘मा गृधः कस्यस्विद्धनम्’. खाली माझं मराठी: ‘हाव धरू नकोस. धन कुणाचं असतं?’

काका स्टूल घेऊन पुढे आले. "हे चुकलंय. आजोबांनी शिकवलंय आम्हाला, ‘कोणाच्याही धनाचा लोभ धरू नको’. एक वाक्य. तुम्ही मध्येच तोडलंत. दंड कुठाय मध्ये?"

मध्ये दंड नाही, हे खरंच. पण तो नाही म्हणून वाक्य एकच, असंही नाही. आचार्यांनी स्वतः दोन्ही अर्थ दिलेत: आधी काकांच्या आजोबांचा, मग ‘अथवा’ म्हणून माझा. आजोबांच्या अर्थासाठी त्यांना ‘स्वित्’ निरर्थक मानावा लागतो. ह्याच संहितेच्या तेविसाव्या अध्यायात ‘कः स्विदेकाकी चरति’ असं कोडं आहे, एकटा कोण बरं हिंडतो? तिथे ‘स्वित्’ प्रश्नालाच धार लावतो. मग इथेच त्याला बेकार का बसवायचा? म्हणून मी प्रश्न ठेवला.

"ते व्याकरण राहू द्या," काका म्हणाले. "आमच्या वाड्याची केस चालू आहे. धाकटा भाऊ मागचा चौक मागतोय. ‘दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नको’ हे मी त्याला सुनावू शकतो. तुमचं ‘धन कुणाचं असतं?’ त्याने वाचलं तर तो मलाच सुनावेल!"

ऑपरेटर फिस्सकन हसला. मला मात्र हसू येईना. ‘हे पुस्तक कुणासाठी?’ या परिच्छेदावर मी दोन रात्री घालवल्या होत्या. प्रकाशकांना तिथे ‘सर्वांसाठी’ हवं होतं. मी लिहिलं होतं, ‘ज्यांना मंत्र पाठ आहेत पण अर्थ कुणी सांगितला नाही, त्यांच्यासाठी.’ तो वाचक माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बसला होता आणि त्याला अर्थ नको होता, मागचा चौक हवा होता.

मग काकांची पत्रिका मध्ये घुसली, ‘अर्जंट’ म्हणून. ‘चि.’ पुढचा टिंब गोल की चौकोनी यावर वीस मिनिटं. प्रस्तावना टाइप करणाऱ्याला पानामागे पैसे, पत्रिका करणाऱ्याला पैसे, लिहिणाऱ्याला मात्र ‘मा गृधः’.

जाताना काका म्हणाले, "अनुवादकाला फुकट प्रती मिळतात ना? एक द्या मला."

"पाचच मिळतात हो."

"असू दे. धन कुणाचं असतं?"

पत्ता घेतला. काय करणार.

प्रस्तावना शेवटी अकरा ओळींनी वाढली. पाचवं पान शिल्लक नव्हतं, म्हणून प्रकाशकांनी फोनवरच त्या कापायला सांगितल्या. "तो पाणिनीचा भाग काढा, कुणी वाचत नाही." त्या ओळींत एवढंच होतं, की त्याच पहिल्या मंत्रातल्या ‘भुञ्जीथाः’ला आचार्य ‘रक्षण कर’ म्हणतात, पण ‘भुजोऽनवने’ या सूत्राप्रमाणे ‘भुज्’ धातूचं आत्मनेपदी रूप, म्हणजे इथलं ‘भुञ्जीथाः’, रक्षणाच्या अर्थी येत नाही. म्हणून पहिल्या आवृत्तीतलं ‘त्यागाने स्वतःला जप’ बदलून आता ‘त्यागाने भोग घे’ केलंय.

बदल छापला जातोय. कारण कापलंय. माझा मेहुणा दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचतो, आणि मी गेल्याच वर्षी निवृत्त झालोय.