साध्या व्हिडिओचा स्लो मोशन पसरट का दिसतो: दोष कॉम्प्युटरचा नाही

«१२० फ्रेमवर शूट करून मेमरी भरू नका! साध्या ३० फ्रेमवर काढा, एडिटिंगमध्ये स्पीड २५% करा आणि ऑप्टिकल फ्लो लावा. हुबेहूब तोच स्लो मोशन मिळतो. क्लिप ६० फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकलीत तर आणखी स्मूथ. तरीही पसरट दिसलं तर कॉम्प्युटर कमी पडतोय किंवा एक्सपोर्टचा बिटरेट कमी आहे, तो डबल करा. सगळ्यांना पाठवा.»

हा मेसेज पाठवणाऱ्यांनी खरंच सगळ्यांना पाठवला आणि माझ्या भाचीलाही मिळाला. तिला मैत्रिणीच्या लांब उडीचा टेक-ऑफ नीट पाहायचा होता: फळीवर पाऊल कसं पडतं आणि दुसरा गुडघा किती वर येतो. तिच्या फोनमध्ये सेकंदाला १२० फ्रेम काढायची सोय होती. मेसेज वाचून तिने ती बंद केली आणि संध्याकाळच्या सरावात सगळं ३० फ्रेमवर काढलं. स्लो केल्यावर गुडघ्याखालचा पाय वितळल्यासारखा दिसतो आणि मागचं कुंपण पायाबरोबर फरफटत जातं. तिचा मला प्रश्न: «मावशी, नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल का?»

नाही. कार्ड कितीही भारी घेतलं तरी तो पाय परत येणार नाही, कारण तो नोंदवलाच गेलेला नाही.

सर्वांत घातक आहे ते «हुबेहूब» म्हणणं, म्हणून आधी तेच आकड्यांत पाहू. समजा फोन स्टँडवर स्थिर आहे, चित्र १९२० पिक्सेल रुंद आहे आणि त्या रुंदीत ८ मीटर धावपट्टी मावते. म्हणजे एक मीटर म्हणजे २४० पिक्सेल. मुलगी सेकंदाला ६ मीटर वेगाने आली, तर तिचं धड सेकंदाला १४४० पिक्सेल सरकतं, म्हणजे ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर फ्रेमला ४८. पुढे झेपावणारा पाय धडाच्या साधारण दुप्पट वेगाने जातो, म्हणून तो दर फ्रेमला ९६ पिक्सेल. संध्याकाळच्या उजेडात फोनने शटर १/६० सेकंद ठेवलं असेल, तर फ्रेमच्या निम्म्या वेळेत ते उघडं होतं. त्या वेळेत पाय ४८ पिक्सेल सरकला आणि तेवढा फराटा चित्रात कायमचा उमटला.

नेहमीच्या वेगाने बघताना हा फराटा खटकत नाही, उलट हालचाल सलग वाटते. स्पीड २५% केली की पाय पडद्यावर दर फ्रेमला फक्त २४ पिक्सेल सरकायला हवा, पण फराटा ४८ चाच राहतो. हळू चालणारा पाय आणि त्यावर वेगाने धावणाऱ्या पायाचा पुसटपणा, हा विजोड डोळ्यांना लगेच कळतो. खऱ्या १२० फ्रेमवर शटर १/२४० असतं तर फराटा १२ पिक्सेलचा आला असता. चौपट फरक इथेच पडला, अजून सॉफ्टवेअरने एकही फ्रेम बनवलेली नसताना.

आता बनवायच्या फ्रेम. स्पीड २५% केली की दर दोन खऱ्या फ्रेममध्ये तीन नव्या लागतात आणि त्या आणायच्या दोन पद्धती आहेत. फ्रेम ब्लेंडिंग दोन्ही चित्रं एकावर एक पारदर्शक ठेवतं: ७५ टक्के पहिलं नि २५ टक्के दुसरं, मग निम्मं-निम्मं, मग उलट. त्यात काहीही सरकत नाही. पाय इथे विरतो आणि ९६ पिक्सेल पुढे उगवतो, मधल्या फ्रेममध्ये दोन अर्धवट पाय दिसतात.

ऑप्टिकल फ्लो हे जास्त हुशारीचं काम आहे. पहिल्या फ्रेममधला प्रत्येक भाग दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे गेला ते तो शोधतो आणि त्या वाटेवर भाग थोडाथोडा सरकवून मधली चित्रं घडवतो. हॉर्न आणि शुंक यांनी १९८१ मध्ये याचं गणित मांडलं तेव्हापासून मूळ गृहीतक हेच आहे की वस्तूचा एखादा बिंदू सरकला तरी त्याची उजळी तीच राहते. ते जिथे टिकत नाही तिथे तो चुकतो आणि लांब उडीत ते जागोजागी मोडतं. फराटा आलेल्या पायाला धड कडच नाही, मग जुळवायचं काय? कुंपणाचे गज सगळे सारखे, त्यामुळे एक गज शेजारच्या गजाशी जुळवला जातो. वाळू उडते तेव्हा एका फ्रेममधले कण पुढच्या फ्रेममध्ये ओळखता येतच नाहीत. आणि पायामागे झाकलेलं कुंपण पाय पुढे गेल्यावर उघडं पडतं. पहिल्या फ्रेममध्ये ते नव्हतंच, म्हणून सॉफ्टवेअर आजूबाजूचे पिक्सेल ताणून जागा भरतं. कुंपण पायाबरोबर फरफटताना दिसतं ते यामुळे.

हे माझं एकटीचं मत नाही. ज्या अ‍ॅडोबी प्रीमियरचे स्क्रीनशॉट त्या मेसेजसोबत फिरतात, त्याच्या अधिकृत मदतपानावर ऑप्टिकल फ्लो कशासाठी योग्य ते स्पष्ट दिलं आहे: हलणाऱ्या वस्तूला मोशन ब्लर, म्हणजे वरचा फराटा, नसावा, मागची पार्श्वभूमी बहुतेक स्थिर असावी आणि वस्तू तिच्यापुढे ठळक उठून दिसावी. बनवणारेच तीन अटी घालतात. भाचीच्या क्लिपमध्ये पार्श्वभूमी स्थिर होती, बाकीच्या दोन्ही अटी मोडल्या होत्या. मेसेज लिहिणाऱ्याने ते एक पान वाचलं असतं तरी «कोणताही साधा व्हिडिओ» या थाटात सल्ला दिला नसता.

ज्याला पडताळून पाहायचं असेल त्याने खऱ्या १२० फ्रेमची कुठलीही क्लिप घ्यावी, तिच्यातल्या चारपैकी तीन फ्रेम टाकून द्याव्यात आणि त्या परत बनवून घ्याव्यात. एफएफएमपेग हे मोफत साधन एका ओळीत ते करतं:

```
ffmpeg -i asli.mp4 -vf "fps=30,minterpolate=fps=120:mi_mode=mci" -an banavleli.mp4
```

`mci` च्या जागी `blend` लिहिलं की फ्रेम ब्लेंडिंग मिळतं. मूळ क्लिप आणि बनवलेली क्लिप शेजारी ठेवून एकेक फ्रेम पुढे सरकवा. या चाचणीत फ्रेम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला सवलतच आहे, कारण १२० वर काढलेल्या फ्रेममध्ये फराटा मुळातच कमी असतो. तरीही हातापायांच्या टोकांशी ते हरतं. एक कारण आकड्यातच दिसतं: या ओळीतल्या `minterpolate` फिल्टरचं `search_param` आपोआप ३२ असतं, म्हणजे एखादा तुकडा तो मूळ जागेपासून ३२ पिक्सेलच्या आतच शोधतो. आपला पाय ९६ पिक्सेल दूर गेलेला आहे. आकडा वाढवता येतो, पण वेळ वाढतो आणि लांबवरचे चुकीचे जोडीदारही सापडू लागतात.

बाकीचे मुद्दे लवकर आटपतात. ६० फ्रेमच्या टाइमलाइनचा सल्ला तर पूर्ण उलटा आहे. ३० फ्रेमची क्लिप तिथे २५% केली की दर दोन खऱ्या फ्रेममध्ये सात बनवाव्या लागतात. जेवढं काल्पनिक जास्त, तेवढा वेळ डोळ्यांसमोर चुकीचं चित्र राहतं. क्लिप ३० ची तर टाइमलाइनही ३० ची ठेवा.

संथ कॉम्प्युटर तेच गणित उशिरा करतो, वेगळं करत नाही. एवढं मात्र मान्य करते की काही सॉफ्टवेअरमध्ये रेंडर केल्याशिवाय प्रीव्ह्यूत ऑप्टिकल फ्लोचा परिणाम दिसत नाही, त्यामुळे न रेंडर केलेलं पाहून निकाल देऊ नये. बिटरेटचंही तसंच अर्धसत्य आहे. मूळ चित्रीकरण फार दाबलेलं असेल तर हलत्या भागात चौकोन पडतात आणि जुळवणी आणखी बिघडते. पण एक्सपोर्टचा बिटरेट दुप्पट केल्याने फक्त वितळलेला पाय जास्त नेटका साठवला जातो.

आणि हो, काहींना या पद्धतीने खरंच छान निकाल मिळतो, त्याशिवाय मेसेज इतका पसरला नसता. भर उन्हात फोन आपोआप शटर १/१००० च्या आसपास नेतो. तेव्हा आपल्या हिशेबातल्या पायाचा फराटा तीन पिक्सेलच्या आतच राहतो. मागे मोकळं आकाश असेल, वस्तू एकच असेल आणि वेग अर्धाच केला असेल, तर बनवलेल्या फ्रेम ओळखणं कठीण जातं. तीच व्यक्ती तोच फोन घेऊन संध्याकाळी किंवा सभागृहात गेली की निकाल बदलतो, आणि ती बिचारी सेटिंग शोधत बसते.

आपल्या क्लिपमध्ये नेमकं काय बिघडलंय ते पाहायला सोपी खूण आहे. ३० च्या टाइमलाइनवर २५% केलं की दर चौथी फ्रेम मूळची असते. बाणाच्या कळीने पुढे जा. चौथीही पुसट असेल तर दोष शटरचा, आणि तो एडिटिंगमध्ये निघत नाही. चौथी स्वच्छ आणि मधल्या तिन्ही वाकड्या असतील तर दोष ऑप्टिकल फ्लोच्या जुळवणीचा. मधल्यांत दोन पारदर्शक आकृत्या दिसल्या तर क्लिपला ब्लेंडिंगच लागलेलं आहे. (टाइमलाइन २५ ची असेल तर हे गणित जुळत नाही. तिथे मूळ फ्रेम दर दहाव्या जागी येते.)

पुढच्या सरावासाठी भाचीला १२० फ्रेम परत चालू करायला सांगितलं आहे, फक्त शेवटची पाच-सहा पावलं आणि उडी एवढ्यापुरती. फाइल मोठी होते हे खरं, पण काही सेकंदांच्या क्लिपने मेमरी भरत नाही. ज्याच्या फोनमध्ये ती सोय नाही त्याने मॅन्युअल मोडमध्ये शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवावं आणि भरपूर उजेडात काढावं, नाहीतर चित्रात दाणे येतात आणि तेही जुळवणी बिघडवतात. वेग मग ५०% च्या खाली नेऊ नये.

हातात असलेल्या क्लिपचं म्हणाल, तर टेक-ऑफ अभ्यासायला ऑप्टिकल फ्लो काढूनच टाकायचा. स्पीड २५% ठेवून फ्रेम सॅम्पलिंग निवडलं की प्रत्येक खरी फ्रेम चार वेळा दिसते. हालचाल अडखळते आणि पायाचा फराटाही राहतो, पण गुडघा जिथे दिसतो तिथे तो खरोखर होता.