रेटिक काउंटबद्दल खुलासा
"रेटिक काउंट ४ टक्के, म्हणजे नॉर्मलपेक्षा जास्त. अस्थिमज्जा जोरात काम करतेय, काळजी नको."

सोलापूरच्या ग्रुपांवर रिपोर्टच्या फोटोसह फिरणारा हा निष्कर्ष चुकीचा आहे. मी लॅबमध्ये रोज हे रिपोर्ट बघते. रेटिक काउंट म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींपैकी मज्जेतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या पेशींचा टक्का. तांबड्या पेशीच कमी झाल्या की टक्का आपोआप फुगतो. फोटोत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग, २५ टक्के आहे, नॉर्मल ४५ धरतात. म्हणून ४ × २५ ÷ ४५, साधारण २.२. शिवाय ॲनिमियात या कोवळ्या पेशी मज्जेतून लवकर सुटतात आणि रक्तात एकाऐवजी सुमारे दोन दिवस दिसतात, म्हणून पुन्हा २ ने भागायचं. उरतो १.१. ॲनिमियात हा आकडा २ च्या खाली म्हणजे मज्जेचा प्रतिसाद अपुरा. कारण लोह, बी-१२ की किडनी, हे डॉक्टरांकडून शोधून घ्या. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा हिशेब टाका.